यादी वाचा, मग अभिनंदन लिहा

राज्यसेवेची यादी लागल्याची बातमी कार्यालयाच्या ग्रुपवर पडली, की दहा मिनिटांत वीस-पंचवीस संदेश येतात आणि बहुतेक एकाच साच्यातले असतात. ‘हार्दिक अभिनंदन मॅडम’, पुढे गुच्छाचं चित्र, पुढे जोडलेले हात. एखादा उत्साही गडी ‘कलेक्टर मॅडम’ लिहून मोकळा होतो. जिच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं ती त्या वेळी आयोगाची पीडीएफ उघडून आपला बैठक क्रमांक तिसऱ्यांदा तपासत असते. गुच्छाकडे तिचं लक्ष नसतं. आज लागलेल्या यादीत पदाचं नावच नाही, हे त्या ग्रुपवर बहुधा तिला एकटीलाच ठाऊक असतं.

नोकरी करता करता स्पर्धा परीक्षा देणारी माणसं आज जवळपास प्रत्येक सरकारी कार्यालयात आणि बँकेच्या शाखेत आहेत. त्यांच्यापैकी कोणी यशस्वी झालं, की सहकारी म्हणून चार ओळी लिहायची वेळ येते. त्या चार ओळी चुकतात त्या भाषेमुळे कमी आणि माहितीअभावी जास्त. नेमकं काय झालं आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून तो तयार शब्द उचलतो. तेव्हा सुरुवात शब्दांपासून नको, यादीपासून करू.

आज नेमकी कोणती यादी लागली?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेचे टप्पे तीन, पूर्व, मुख्य आणि मुलाखत, हे सगळ्यांना माहीत असतं. पूर्व परीक्षा ही चाळणी आहे. तिचे गुण अंतिम निकालात धरत नाहीत. त्यामुळे पूर्व परीक्षा निघाल्यावर ‘अखेर करून दाखवलंस’ असा संदेश पाठवणं म्हणजे साखरपुड्यालाच बारशाचं आमंत्रण छापणं. तिथे ‘मुख्यला शुभेच्छा, टेबलाचं काम पडलं तर सांग’ एवढं पुरे. 2025च्या परीक्षेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. मराठी आणि इंग्रजी या दोन पेपरांत फक्त पात्र ठरावं लागतं, उरलेल्या सात पेपरांचे 1750 गुण आणि मुलाखतीचे 275. गुणवत्ता ठरते ती या 2025 गुणांवर.

खरा घोळ मुलाखतीनंतर होतो, कारण तिथून पुढे एक नव्हे, तीन-चार याद्या लागतात. पहिली ‘सर्वसाधारण गुणवत्ता यादी’. तिच्यात उमेदवाराचं नाव, गुण आणि क्रम असतो, पद नसतं. 2022च्या परीक्षेच्या मुलाखती जानेवारी 2024 मध्ये संपल्या, तेव्हा ही यादी त्याच दिवशी लागली होती. वर्तमानपत्रं पहिल्या आलेल्याचं नाव छापतात ती या यादीवरूनच. त्यानंतर उमेदवारांकडून पदांचा पसंतीक्रम घेतात: उपजिल्हाधिकारी आधी की पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार आधी की गटविकास अधिकारी. क्रम, पसंती आणि आरक्षणाचा हिशेब घालून मग ‘तात्पुरती निवड यादी’ लागते. इथे प्रथमच नावापुढे पद दिसतं.

पण तेही तात्पुरतंच असतं. या टप्प्यावर उमेदवाराला भरतीप्रक्रियेतून बाहेर पडायचा पर्याय मिळतो. वर्षभरात त्याला दुसरीकडे चांगलं पद मिळालेलं असेल, तर तो बाहेर पडतो आणि त्याची जागा खालच्याला मिळते. वरच्या चार-पाच जणांनी असा पर्याय घेतला, की खालच्यांची पदं सरकतात. तात्पुरत्या यादीत नायब तहसीलदार असलेला अंतिम यादीत तहसीलदार होऊ शकतो आणि यादीबाहेरचा एखादा आत येऊ शकतो. त्यानंतर आयोग शासनाकडे शिफारस करतो. आयोग नेमणूक करत नाही, शिफारसच करतो. नेमणूक शासन करतं, तीही कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी झाल्यावर.

शिफारस आणि नेमणूक यांतलं अंतर किती लांबू शकतं, ते 2019च्या राज्यसेवेनं दाखवलं. तिचा निकाल जून 2020 मध्ये लागला आणि 413 जणांची शिफारस झाली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मे 2021 मध्ये तो कायदा रद्द ठरवला, आणि त्या निकालावर आधारलेली यादी आयोगाला सुधारावी लागली. सत्कार झालेली, गावात कमान लागलेली ही मुलं वर्षाहून अधिक काळ घरी बसून होती. ‘साहेब, जॉइन कधी?’ हा प्रश्न त्यांना रोज ऐकावा लागत होता. यादीच्या दिवशी आपण ‘तहसीलदारसाहेब’ लिहितो तेव्हा या प्रश्नाचं बी आपणच पेरत असतो.

इतर परीक्षांतही तेच. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेच्या अंतिम यादीत क्रमांक असतो. सेवा आणि राज्य केंद्र सरकार नंतर ठरवतं. 2023च्या परीक्षेतून 1016 जणांची शिफारस झाली, त्यांत आयएएसच्या जागा 180 होत्या. म्हणजे यादीत नाव दिसताच ‘आयएएस झाल्याबद्दल’ लिहिणारा दर सहांतल्या जवळजवळ पाच जणांच्या बाबतीत चुकतो. चुकीचं अभिनंदन झालेल्या माणसाला मग आपल्या आनंदातच दुरुस्ती करत बसावं लागतं: ‘नाही हो, मला बहुधा महसूल सेवा मिळेल.’ मिळालं ते कमी आहे असं त्याच्याच तोंडून वदवून घेतल्यासारखं होतं. बँकांमध्ये आयबीपीएसच्या अधिकारी परीक्षेचा पूर्व टप्पाही नुसती चाळणीच. मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचे गुण 80 आणि 20च्या प्रमाणात धरून मग कोणती बँक मिळाली ते कळतं, आणि त्याच्यापुढेही कागदपत्रं आणि वैद्यकीय तपासणी असतेच.

म्हणून पहिला नियम साधा: यादीचं शीर्षक वाचा आणि तेवढ्याचंच अभिनंदन करा. ‘गुणवत्ता यादीत तुमचं नाव पाहिलं’ हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही. पद कळलं असेल तर ते नीट लिहा. उपजिल्हाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी नव्हे. तहसीलदार गट अ आणि नायब तहसीलदार गट ब, हा फरक बाहेरच्याला किरकोळ वाटतो. ज्यानं पसंतीक्रम भरताना दोन रात्री डोकं खाजवलं त्याला नाही.

एक संदेश, दोन मसुदे

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याचं तहसील कार्यालय आहे. संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर एक महसूल सहायक बसते, वय तिशीच्या आत. तिचं नाव सर्वसाधारण गुणवत्ता यादीत आलं आहे. शेजारच्या टेबलावरचे अव्वल कारकून तिला संदेश लिहायला बसतात. वयानं पंधरा-वीस वर्षांनी मोठे, तिला ‘ताई’ म्हणणारे. त्यांचा पहिला मसुदा असा होतो:

‘आदरणीय मॅडम, आपली तहसीलदार पदी निवड झाल्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. अथक परिश्रम, जिद्द व चिकाटीच्या जोरावर आपण यशाचे शिखर गाठले. आपल्या यशाने कार्यालयाच्या शिरपेचात मानाचा तुरा रोवला गेला आहे. पुढील उज्ज्वल वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.’

यात चुका किती? पद अजून ठरलेलं नाही, ही पहिली. तुरा शिरपेचात खोवतात, रोवतात तो झेंडा, ही दुसरी. रोज ‘ताई’ म्हणणारा माणूस एकदम ‘आदरणीय मॅडम’वर गेला, ही तिसरी, त्या दोन शब्दांनी दोन टेबलांमध्ये काउंटरची काच उभी राहिली. पण सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. हा संदेश दहावीला पहिल्या आलेल्या मुलाला, कुस्ती मारलेल्या पैलवानाला किंवा सरपंचपदाची निवडणूक जिंकलेल्या माणसाला जसाच्या तसा पाठवता येईल. हे दोघं चार वर्षं एकाच खोलीत बसले, याचा त्यात मागमूस नाही.

सहकाऱ्याजवळ असं काय असतं जे आईवडिलांजवळ, क्लासच्या सरांजवळ किंवा गावातल्या मित्राजवळ नसतं? त्यानं ती व्यक्ती कामावर पाहिलेली असते. घरच्यांना पहाटेचा गजर ठाऊक असतो, सरांना सराव पेपरांचे गुण ठाऊक असतात. अतिवृष्टीच्या पंचनाम्यांची नोंद करायला रात्री नऊपर्यंत थांबून दुसऱ्या दिवशी तीच मुलगी वेळेवर हजर असते, हे फक्त शेजारच्या टेबलाला माहीत असतं. सहकाऱ्याच्या संदेशाचा कच्चा माल हाच. तेव्हा अव्वल कारकुनांनी लिहिण्याआधी पाच मिनिटं एवढंच आठवावं: हिला काम करताना मी काय पाहिलं?

त्यांना दोन गोष्टी आठवतात. एक, कार्यालय उघडायच्या आधी ती व्हरांड्यातल्या बाकावर वह्या घेऊन बसलेली असायची. हे शिपाईमामांनी सांगितलेलं. दुसरी गोष्ट त्यांनी स्वतः पाहिलेली. निराधार योजनेचा अर्ज अपुरा असला, की ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत’ एवढा शेरा मारून तो परत करायची रीत. ही मात्र एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायची, ‘उत्पन्नाचा दाखला जुना आहे, नवा आणा. बाकी सगळं बरोबर आहे.’ त्यामुळे म्हाताऱ्या बायकांची एक फेरी वाचायची. आता दुसरा मसुदा:

‘ताई, गुणवत्ता यादीत तुमचं नाव पाहिलं. मनापासून अभिनंदन. कार्यालय उघडायच्या आधी तुम्ही व्हरांड्यात अभ्यास करत बसायचात, हे शिपाईमामांकडून कळलं. तुम्ही स्वतः कधी बोलला नाहीत. पण मला जास्त आठवतात त्या तुमच्या चिठ्ठ्या. कोणता कागद कमी आहे ते तुम्ही सोपं करून लिहायचात, म्हणून कितीतरी म्हाताऱ्या माणसांची एकेक फेरी वाचली. जे पद मिळेल तिथे ही सवय घेऊन जा. पदाची यादी लागली की पेढे आम्ही आणणार. आज तुम्हाला शंभर फोन असतील, उत्तराची घाई नको.’

साठ-सत्तर शब्दांचं हे काम आहे. पहिल्या वाक्यात नेमका टप्पा आला. अभिनंदन दोन शब्दांत आटोपलं, त्याला विशेषणांचं शेपूट लावलं नाही. मधल्या चार वाक्यांत दोन गोष्टी आल्या, त्याही नावगाव नसलेल्या ‘परिश्रमा’सारख्या नाहीत, व्हरांडा आणि चिठ्ठी डोळ्यांना दिसतात. चिठ्ठीमुळे आणखी एक गोष्ट साधली. ती चांगली विद्यार्थिनी आहे हे आयोगानं सांगितलंच आहे, ती चांगली अधिकारी होईल हे सांगायला साक्षीदार लागतो आणि तो सहकारीच असू शकतो. ‘जे पद मिळेल’ या शब्दांनी पुढची अनिश्चितता धरून ठेवली. शेवटचं वाक्य तिच्यावरचं ओझं कमी करतं, कारण यादीच्या रात्री प्रत्येकाला उत्तर देणं हेही एक कामच होऊन बसतं.

गाळायच्या चार गोष्टी

संदेशात काय नसावं, हेही तितकंच नेमकं सांगता येतं. सगळ्यात आधी प्रवर्ग. निवड यादीत उमेदवाराचा प्रवर्ग आणि शिफारस कोणत्या प्रवर्गातून झाली, हे दोन्ही छापलेलं असतं, म्हणून काहींना ते लिहायचा मोह होतो: ‘आपल्या प्रवर्गातून जिल्ह्यात पहिली.’ लिहिणाऱ्याच्या मनात कौतुक असतं. वाचणाऱ्यांतले काही जण त्याचा अर्थ ‘जागा राखीव होती म्हणून’ असा लावतात. मागास प्रवर्गातला उमेदवार गुणांच्या बळावर खुल्या जागेवरही शिफारसपात्र ठरतो, हे त्यांच्या गावी नसतं. ग्रुपवर हा वाद एकदा पेटला, की अभिनंदन बाजूला राहतं. प्रवर्ग हा यादीचा विषय आहे, संदेशाचा नाही.

दुसरी गोष्ट, प्रयत्नांची संख्या. ‘अखेर चौथ्या प्रयत्नात’ यातला ‘अखेर’ हा शब्द आधीचे तीन प्रयत्न चव्हाट्यावर मांडतो. ती स्वतः सांगत असेल तर वेगळं. आपण होऊन मोजू नये. तिसरी, पुढचं उद्दिष्ट. ‘आता थांबू नका, पुढे यूपीएससी’ असं लिहिणाऱ्याला वाटतं आपण पंखांत बळ भरलं. ऐकणाऱ्याला वाटतं, आजचं यश याच्या लेखी थांब्याचं स्टेशन आहे. चौथी, ओळखीचा हप्ता: ‘मोठ्या झालात तरी आम्हाला विसरू नका’, ‘आमच्या पोराकडेही जरा लक्ष द्या.’ गमतीत लिहिलेलं असलं तरी महसूल खात्यात या वाक्यांचा अर्थ प्रत्येकाला कळतो. ज्याला पुढे अर्जांवर निर्णय द्यायचे आहेत त्याच्याकडे पहिल्याच दिवशी चिठ्ठी सरकवल्यासारखं ते होतं.

आणि शब्दांत नसली तरी होणारी एक चूक: यादीचं पान जसंच्या तसं ग्रुपवर टाकणं. त्या पानावर तिच्याबरोबर आणखी तीस-चाळीस जणांची नावं, गुण आणि प्रवर्ग असतात. अभिनंदनासाठी त्यांची काहीच गरज नसते.

‘अगं’ म्हणायचं की ‘मॅडम’?

आपल्याकडे महसूल खात्यात कारकुनाला भाऊसाहेब आणि तहसीलदाराला रावसाहेब म्हणायची जुनी रीत आहे. आता टेबलावरची मुलगीच ‘रावसाहेब’ होणार म्हटल्यावर बोलायचं कसं, ही अडचण खोटी नाही. महसूल सहायकाला बढतीनं तहसीलदार व्हायचं तर मधे अव्वल कारकून किंवा मंडळ अधिकारी आणि मग नायब तहसीलदार अशा पायऱ्या असतात. बऱ्याच जणांची नोकरी त्या चढण्यातच संपते. परीक्षा त्या एका उडीत ओलांडायला लावते. म्हणून ज्येष्ठांच्या संदेशात कधी अवघडलेपण येतं, कधी नको इतकी लवून केलेली नमस्कारी.

उपाय सोपा आहे. खासगी संदेशात कालपर्यंत जे संबोधन होतं तेच ठेवावं. जी मैत्रीण ‘अगं’ म्हणत होती तिनं ‘अगं’च लिहावं, त्या दिवशी तिला जुन्या हाकेचीच जास्त गरज असते. ग्रुपवर किंवा सत्काराच्या पत्रात मात्र ‘तुम्ही’ आणि पूर्ण नाव बरं दिसतं. पदाचा मान पदावर रुजू झाल्यावर, तिच्या कार्यालयात, चारचौघांसमोर द्यायचा असतो. तोवर ती सहकारीच आहे.

ग्रुपवर लिहिताना आणखी एका माणसाची आठवण ठेवावी. त्याच कार्यालयात, त्याच परीक्षेला बसलेला आणि थोड्या गुणांनी हुकलेला कोणीतरी बहुधा असतोच, आणि तोही ते संदेश वाचत असतो. ‘मनापासून केलं की मिळतंच’ हे वाक्य तिच्यासाठी लिहिलं जातं आणि त्याला लागतं, कारण त्याचा सरळ अर्थ ‘तू मनापासून केलं नाहीस’ असा होतो. ते खरंही नाही: जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असतात, तिथे मनापासून केलेल्या कितीतरी जणांचं नाव यादीत नसतं. म्हणून ग्रुपवरचा संदेश दोन ओळींचा असावा आणि सविस्तर लिहायचं ते तिला स्वतंत्रपणे. त्या दुसऱ्याला त्या रात्री संदेश पाठवू नये. सकाळी चहाला सोबत न्यावं आणि विषय त्यानं काढला तरच काढावा.

दुसरा संदेश

पहिल्या संदेशानंतर बहुतेक जण विसरून जातात, आणि नेमका तेव्हाच तिचा अवघड काळ सुरू होतो. नोकरीतल्या उमेदवाराला आधीच्या कार्यालयाकडून ना हरकत प्रमाणपत्र लागतं, विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला लागतो, सेवापुस्तकातल्या नोंदी पूर्ण कराव्या लागतात आणि नियुक्तीचा आदेश आला की कार्यमुक्तीचा आदेश हवा असतो. यातला प्रत्येक कागद आस्थापना शाखेच्या टेबलावरून जातो. रजेचा हिशेब अर्धा राहिलेला असतो, एखाद्या वर्षाची सही राहिलेली असते. ‘अभिमान वाटतो’ म्हणणाऱ्याच कार्यालयात फाइल आठवडाभर पडून राहिली, तर त्या अभिमानाची किंमत तिला कळते.

म्हणून नियुक्तीचा आदेश निघेल त्या दिवशी तिला दुसरा संदेश जरूर पाठवा. तो लांब नसला तरी चालेल, आणि त्यात ‘अभिनंदन’ हा शब्द नसला तरी बिघडत नाही. ‘ताई, सेवापुस्तकाच्या नोंदी पूर्ण झाल्या. कार्यमुक्तीचा आदेश सहीला ठेवला आहे, उद्या दुपारी मिळेल.’ एवढं पुरतं.